रात्री दुखणारे पाय

नवी मुंबईतल्या कोणत्याही नोडमध्ये, वाशीपासून खारघरपर्यंत, शाळकरी मुलांच्या घरात ही तक्रार ओळखीची आहे. दिवसभर सायकल, लपाछपी, क्लास, सोसायटीच्या आवारातला दंगा असं सगळं करून मूल जेवून झोपतं आणि दोनेक तासांनी रडत उठतं, ‘पाय दुखतायत.’ कुठे, विचारलं तर दोन्ही हात पोटऱ्यांवरून, नडग्यांवरून, मांड्यांवरून फिरतात. एका बोटाने जागा दाखवता येत नाही. आई चोळते, आजी कोमट तेल लावते, अर्ध्या तासात मूल झोपतं. सकाळी ते स्कूलबसकडे पळत जातं, आणि रात्री जागलेल्या घराला प्रश्न पडतो की हे खरंच दुखत होतं का.

दुखणं खरं असतं. त्याचं आपल्याकडे सांगितलं जाणारं कारण मात्र तपासून घ्यावं लागतं. ‘हाडं वाढतायत, उंची वाढतेय’ ही समजूत केवळ आपली नाही. १८२३ साली मार्सेल द्युशाँ या फ्रेंच डॉक्टरने वाढीच्या वयातल्या आजारांवर लिहिताना या दुखण्याचा संबंध वाढीशी जोडला, आणि ते नाव दोनशे वर्षं टिकलं. पण हिशेब जुळत नाही. मूल सर्वांत वेगाने वाढतं ते पहिल्या वर्षी, सुमारे २५ सेंटिमीटर. त्यानंतरचा मोठा वेग येतो वयात येताना. हे दुखणं मात्र साधारण तीन ते बारा या वयात दिसतं आणि त्यातल्या बऱ्याच काळात मूल वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम अर्धा सेंटिमीटर वाढत असतं. शिवाय पायाची बहुतेक वाढ गुडघ्याच्या वरच्या आणि खालच्या वाढपट्टीत होते, तर मूल पोटरी आणि मांडी, म्हणजे स्नायू दाखवतं.

वाढीच्या बाजूने एक पुरावा आहे आणि तो चमत्कारिक आहे. अमेरिकेत विस्कॉन्सिन इथल्या संशोधकांनी कोकरांच्या हाडात सूक्ष्म मापकं बसवली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात हाडाची किमान नव्वद टक्के वाढ कोकरू पडून असताना होते, असं दिसलं. म्हणून रात्रीच्या दुखण्याशी तिचा संबंध असू शकेल, असा प्रश्न त्यांनी मांडला. पण कोकराच्या हाडाने मुलाच्या पोटरीचा प्रश्न सुटत नाही. २०२२ मध्ये या विषयावरच्या दीडशेच्या आसपास अभ्यासांचा आढावा घेतला गेला, तेव्हा नव्वद टक्क्यांहून अधिक अभ्यासांच्या व्याख्येत वाढीचा उल्लेखच नव्हता. नाव वाढीचं, पण व्याख्येत वाढ नाही.

मग काय असावं? आज अधिक पटण्याजोग्या दोन गोष्टी आहेत. पहिली, दिवसभराचा ताण. फार धावपळ झालेल्या दिवशी दुखणं अधिक येतं, असं अनेक आईवडील सांगतात. दुसरी, दुखण्याचा उंबरठा. इस्रायलमधल्या संशोधकांनी अशा मुलांच्या शरीरावर ठिकठिकाणी दाब देऊन पाहिलं, तेव्हा इतर मुलांपेक्षा त्यांना कमी दाबाला दुखलं. म्हणजे जो ताण दुसऱ्या मुलाला जाणवतही नाही, तो या मुलाला जाणवतो. त्यात बनवाबनवी नाही. कित्येक घरांत आई किंवा बाबा सांगतात, ‘लहानपणी माझेही असेच दुखायचे.’

घरच्यांना मात्र कारणापेक्षा ओळख महत्त्वाची, आणि तिथेच हा विषय गमतीचा होतो. या दुखण्याचं निदान सिद्ध करणारी कोणतीही रक्ततपासणी किंवा एक्स-रे नाही. हे निदान हकिगतीतून आणि हाताने केलेल्या तपासणीतून होतं. दुखणं दोन्ही पायांत, स्नायूत, सांध्यात नाही. संध्याकाळी किंवा रात्री येतं, रोज नाही. सकाळी मागमूस राहत नाही. लंगडणं नाही, सूज नाही, ताप नाही. डॉक्टर सांधे फिरवून, हाडं दाबून पाहतात आणि काहीच सापडत नाही. या सगळ्यात सर्वांत उपयोगी खूण आजीच्या हाताखाली असते: मूल पाय चोळू देतं. ‘अजून दाब’ म्हणतं. सुजलेला सांधा, हाडातला जंतुसंसर्ग किंवा हाड मोडलेलं असेल तर मूल हात झटकतं. म्हणजे चोळणं हा उपाय आहे तसाच तो घरातला पहिला तपासही आहे.

नेरूळमधला सात वर्षांचा एक मुलगा कल्पून पाहू, वजन २२ किलो. शनिवारी सकाळी टर्फवर फुटबॉल, संध्याकाळी खाली सायकल. रात्री अकराला रडत उठतो. आई दोन्ही पोटऱ्या चोळते, वीसेक मिनिटांत तो झोपतो. रविवारी सकाळी तो पुन्हा टर्फवर. तीन दिवस काही नाही. गुरुवारी स्पोर्ट्स डेचा सराव, रात्री पुन्हा तेच, या वेळी मांड्या. आईने दोन आठवडे कॅलेंडरवर चार गोष्टी लिहिल्या: वेळ, कोणता पाय, नेमकी जागा, सकाळची चाल. बालरोगतज्ज्ञाला ही नोंद दिली तर अर्धं निदान तिथेच होतं. हकिगत अशी आणि तपासणी स्वच्छ असेल तर तपासण्यांची यादी लागत नाही.

आता त्याच नोंदीत थोडा बदल करू. दरवेळी उजवाच पाय, गुडघ्याजवळची एकच जागा. हात लावू देत नाही. सकाळीही लंगडतो. मधूनमधून ताप, चेहरा पांढरट, मार न लागता अंगावर निळसर डाग, भूक मेलेली. ही वेगळी गोष्ट आहे आणि ती ‘वाढीचं दुखणं’ म्हणून आठवडाभरही घरात ठेवायची नाही. लहान मुलांचा रक्ताचा कर्करोग कधी कधी आधी हाडांच्या दुखण्यातून बोलतो. त्या शंकेला पहिलं उत्तर साध्या सीबीसी आणि रक्ताच्या स्मिअरमधून मिळू लागतं. त्याच्या पुढचं केंद्र याच शहरात आहे, टाटा स्मारक केंद्राचं खारघरमधलं अ‍ॅक्ट्रेक. बहुतेक मुलांना तिथवर जावं लागत नाही. पण त्या मोजक्या मुलांसाठी वरची यादी पाठ असावी.

आणखी दोन फसव्या गोष्टी आहेत. चार ते आठ वर्षांच्या मुलांत खुब्याचा पर्थिस नावाचा आजार होतो. त्यात खुब्याच्या हाडाच्या गोळ्याचा रक्तपुरवठा कमी पडतो, पण मूल अनेकदा मांडी किंवा गुडघा दाखवतं. ओळख लंगडण्यातून पटते. म्हणून लंगडणाऱ्या मुलाचा नुसता गुडघा पाहून थांबू नये, खुबाही तपासायला हवा. दुसरी गोष्ट पेटक्याची. पेटक्यात पोटरीचा गोळा होतो, हाताला दगडासारखा लागतो, आणि पाऊल वर ओढलं की सुटतो. आपलं रात्रीचं दुखणं तसं नसतं, पोटरी मऊच असते.

उपायांकडे येऊ. पहिला चोळण्याचाच. कोमट तिळाचं किंवा खोबरेल तेल, तळहाताने, घोट्यापासून वर, मूल सांगेल तेवढ्या दाबाने, दहा-पंधरा मिनिटं. यामागे शास्त्र आहे. १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल यांनी मांडलेल्या सिद्धांतानुसार स्पर्श आणि दाबाचे संदेश मज्जारज्जूतच वेदनेच्या संदेशाची वाट अडवतात. आपल्याकडे पायाला ओढणी किंवा फडकं बांधतात, त्याचंही बहुधा हेच कारण. बांधायचं तर सैल, बोट जाईल इतकं, आणि मूल झोपलं की सोडायचं. गरम पाण्याची पिशवी चालते, पण टॉवेलमध्ये गुंडाळून, आधी आपल्या मनगटावर पाहून, आणि झोपलेल्या मुलाच्या पायाशी ठेवून द्यायची नाही.

बामबद्दल मात्र सांभाळून. अनेक बामांत कापूर आणि मिथाइल सॅलिसिलेट असतं. पोटात गेलं तर दोन्ही विषारी, कापराने लहान मुलाला झटके येऊ शकतात. तेलात कापूर उकळून ते उशाशी ठेवण्याची सवय त्यामुळेच सोडावी. हात बामाने माखलेले असताना मूल डोळे चोळतं, हेही विसरू नये. या दुखण्याला साधं तेल पुरतं.

दुसरा उपाय रात्र येण्याआधीचा, स्नायू ताणण्याचा. बॅक्स्टर आणि डल्बर्ग यांनी १९८८ साली एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. काही मुलांच्या आईवडिलांना रोज दोन वेळा दहा मिनिटं मुलाचे स्नायू ताणायला शिकवलं, इतरांना नुसतं समजावून सांगितलं. ताणणाऱ्या गटातली मुलं लवकर बरी झाली. प्रयोग लहान होता आणि कोण काय करतंय हे सगळ्यांना ठाऊक होतं, तेव्हा त्यावर फार भार टाकू नये. पण खर्च नाही आणि धोका कमी. मूल उताणं झोपवून गुडघा सरळ ठेवायचा आणि पाऊल नडगीच्या दिशेने हळू दाबायचं, ही पोटरी. तसाच सरळ पाय वर उचलायचा, मांडीची मागची बाजू ताणली जाते. मग पालथं करून टाच कुल्ल्याकडे न्यायची, ही मांडीची पुढची बाजू. प्रत्येक वेळी वीस सेकंद, दोन-तीनदा. ताण जाणवावा, दुखू नये. झटका देऊ नये.

औषध क्वचितच लागतं. तोंडाने दिलेलं पॅरासिटामॉल काम सुरू करायला साधारण अर्धा तास घेतं, आणि तोवर हे दुखणं बहुधा ओसरलेलं असतं. द्यावंच लागलं तर प्रमाण किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. आपल्या २२ किलोच्या मुलाला २२० ते ३३० मिलिग्रॅम. चूक होते ती बाटलीत. एका सिरपच्या ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असतं, दुसऱ्यात २५०. पहिल्याचे १० मिलिलिटर म्हणजे २४० मिलिग्रॅम, ठीक. त्याच सवयीने दुसऱ्याचे १० दिले तर थेट ५००. लेबल दिव्यात वाचावं. अ‍ॅस्पिरिन मुलांना नाही. पावसाळ्यात ताप असेल तर डेंग्यूची शक्यता धरून आयब्युप्रोफेनही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आठवड्यात अनेक रात्री औषध लागत असेल तर निदानच पुन्हा पाहायला हवं.

शेवटी ड जीवनसत्त्वाचा प्रश्न, कारण औषधाच्या दुकानात त्याचंच पाकीट पुढे येतं. २०१६ ते २०१८ या काळातल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात पाच ते नऊ वर्षांच्या १८ टक्के मुलांत त्याची कमतरता आढळली. वर टॉवर, खाली पोडियम, दुपारी शाळा, संध्याकाळी क्लास अशा दिनक्रमात ऊन कमीच मिळतं. कमतरता असेल आणि ती भरून काढली तर काही मुलांचं दुखणं कमी होतं, असं काही लहान अभ्यास सांगतात. पण ६०,००० युनिटचं पाकीट हे उपचाराचं औषध आहे. ते आठवड्यामागून आठवडे स्वतःच्या मनाने दिलं तर रक्तात कॅल्शियम वाढतं. मग उलट्या, बद्धकोष्ठ, पुढे मूत्रपिंडाला इजा. भारतीय बालरोग अकादमीच्या मार्गदर्शनात एक वर्षानंतरची रोजची गरज ६०० युनिट सांगितली आहे. दुखणं वारंवार येत असेल, मूल उन्हात जात नसेल, तर पातळी तपासून डॉक्टरांनी सांगितलेला कोर्स घ्यावा आणि तो संपला की थांबावं. कॅल्शियमच्या गोड बाटलीचंही तेच.

हे दुखणं मग जातं कधी? इस्रायलमध्ये अशाच मुलांना पाच वर्षांनी पुन्हा पाहिलं, तेव्हा सुमारे निम्म्यांचं थांबलेलं होतं आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांचं सौम्य झालं होतं. म्हणजे खेळ बंद करण्याचं कारण नाही, जागरणाची तयारी मात्र ठेवावी. बाथरूमच्या फळीवर तेलाची बाटली, कॅलेंडरवर चार रकाने, आणि एवढं लक्षात: एकच पाय, सकाळचं लंगडणं, ताप किंवा हात झटकणं यांपैकी एकही गोष्ट दिसली तर चोळणं थांबवून दुसऱ्याच दिवशी डॉक्टरकडे.