पहिल्या बासष्ट सेकंदांत ‘एंडेव्हर’ किती दूर गेले?

7 मे 1992 रोजी अमेरिकेच्या ‘एंडेव्हर’ या अंतराळयानाने फ्लोरिडातून पहिले उड्डाण केले. इंटेलसॅटच्या एका दळणवळण उपग्रहाला नवी मोटर बसवणे हे मोहिमेचे मुख्य काम होते. या उड्डाणाच्या सुरुवातीच्या वेगांचा एक छोटा तक्ता कलनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतून प्रसिद्ध झाला. मूळचे फुटांतले आकडे मीटरमध्ये आणले, तर तो साधारण असा होतो:

| वेळ (सेकंद) | वेग (मीटर प्रतिसेकंद) |
|---|---|
| 0 | 0 |
| 10 | 56 |
| 15 | 97 |
| 20 | 136 |
| 32 | 226 |
| 59 | 404 |
| 62 | 440 |

नोंदी समान अंतराने घेतलेल्या नाहीत. यान स्वतःभोवती वळू लागले, वळणे संपले, इंजिनांचा जोर कमी केला, पुन्हा वाढवला, अशा घटनांच्या क्षणी त्या घेतल्या आहेत. एवढ्यावरून यानाने किती अंतर कापले, हे कसे काढायचे?

वेग सतत सारखा असता, तर वेगाला वेळेने गुणून काम झाले असते. इथे तो क्षणोक्षणी बदलतो. म्हणून वेळेचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यात वेग स्थिर होता असे धरायचे, गुणाकार करायचे आणि सगळ्यांची बेरीज घ्यायची. प्रश्न उरतो तो एवढाच, की तुकड्यासाठी कोणता वेग धरायचा.

डाव्या बेरजेत तुकड्याच्या सुरुवातीचा वेग धरतात. पहिल्या दहा सेकंदांचे अंतर त्यामुळे शून्य येते, कारण सुरुवातीला यान उभेच होते. पुढे 56 × 5, 97 × 5, 136 × 12, 226 × 27 आणि 404 × 3 असे करत बेरीज सुमारे 9.7 किलोमीटर होते. उजव्या बेरजेत तुकड्याच्या शेवटचा वेग धरतात. पहिल्या दहा सेकंदांना 56 × 10, त्यानंतर 97 × 5, असे करत ती सुमारे 16.7 किलोमीटरवर पोहोचते.

यानाचा वेग सतत वाढत होता, म्हणून डावी बेरीज खऱ्या अंतरापेक्षा कमीच भरणार आणि उजवी जास्तच. खरे अंतर या दोहोंच्या मध्ये आहे, ही हमी आपल्याला मिळते. वेग मध्येच घटून पुन्हा वाढला असता, तर ही हमी राहिली नसती. त्यामुळे बेरीज करण्याआधी वेग एकाच दिशेने बदलतो आहे का, हे पाहावे. तसे नसेल, तर जिथे दिशा पालटते तिथे तक्ता तोडून दोन्ही भागांचा हिशेब वेगळा करावा.

सात किलोमीटरची ही तफावत मोठी आहे. ती आली कुठून, हे शोधणे सोपे आहे. प्रत्येक तुकड्यात वेग जेवढा वाढला, त्याला तुकड्याच्या लांबीने गुणले की त्या तुकड्याची तफावत मिळते. 32 ते 59 सेकंदांच्या तुकड्यात वेग 178 ने वाढला. 178 × 27 म्हणजे 4,806 मीटर. एकूण तफावतीपैकी सुमारे सत्तर टक्के या एका तुकड्याची आहे. दर दोन सेकंदांनी नोंद घेतली असती, तर संपूर्ण तफावत 440 × 2, म्हणजे अवघी 880 मीटर राहिली असती.

तिसरी रीत मध्यबिंदू बेरजेची. तुकड्याच्या बरोबर मधल्या क्षणाचा वेग धरायचा. तुकड्याच्या पूर्वार्धात प्रत्यक्ष वेग या आकड्यापेक्षा कमी असतो आणि उत्तरार्धात जास्त. त्यामुळे दोन्ही चुका बऱ्याच अंशी एकमेकींना छेदतात. आपल्या तक्त्यात 15 वे सेकंद 10 आणि 20 यांच्या अगदी मध्यावर येते. 97 × 10 केले की त्या दहा सेकंदांचे अंतर 970 मीटर मिळते. त्याच दहा सेकंदांचा एकच तुकडा धरला, तर डावी रीत 560 सांगते आणि उजवी 1,360.

मात्र 32 आणि 59 यांच्या मध्यावर, साडेपंचेचाळिसाव्या सेकंदाला, नोंदच नाही. तिथे पुष्कळजण 226 आणि 404 यांची सरासरी, 315, घेऊन तिला मध्यबिंदूचा वेग म्हणतात. ती डाव्या आणि उजव्या अंदाजांची सरासरी आहे. मधल्या क्षणी यान खरोखर किती वेगाने जात होते, हे ती सांगत नाही. त्या काळात इंजिनांचा जोर कमी केलेला होता, तेव्हा वेग एकसारख्या दराने वाढला असे गृहीत धरता येत नाही.

आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवावी. हे अंतर यानाच्या मार्गावरचे आहे. यान वर जाताना कलत होते, म्हणून ही त्याची उंची नव्हे.

तेव्हा वेगांचा असा तक्ता हाती आला, की आधी डावी आणि उजवी बेरीज काढून सीमा ठरवा. मधल्या क्षणाची नोंद असेल तिथे मध्यबिंदूचा उपयोग करा. तफावत फार मोठी आली, तर सूत्र बदलू नका, सर्वांत जास्त तफावत देणाऱ्या तुकड्यात आणखी एक नोंद मिळवा.