घराचा कार्बन फूटप्रिंट काढताय? गुणाकाराआधी 'फॅक्टर' तपासा

समजा, एकाच घराची वर्षभराची वीजबिलं दोन विद्यार्थ्यांना दिली. वापर १,४४० युनिट. एकाने उत्तर काढलं १,०४७ किलो कार्बन डायऑक्साइड, दुसऱ्याने १,३८९ किलो. गुणाकार दोघांचाही बरोबर आहे. मग जवळजवळ साडेतीनशे किलोंचा फरक आला कुठून? एकाने वेगळा एमिशन फॅक्टर घेतला, दुसऱ्याने वाटेतली वीजगळतीही धरली, आणि दोघांनीही ते अहवालात लिहिलं नाही. पर्यावरण विषयाच्या प्रोजेक्टमध्ये मार्क जातात ते इथेच.

पुण्यातल्या चार जणांच्या एका काल्पनिक कुटुंबाचं उदाहरण घेऊन हा हिशेब करून पाहू.

आधी सीमा ठरवा

घरात काय मोजणार आणि काय सोडणार, हे पहिल्याच परिच्छेदात सांगायचं. आपण तीनच गोष्टी घेऊ: वीज, गॅस सिलिंडर आणि दुचाकीचं पेट्रोल. अन्न, कपडे, रेल्वे-विमान प्रवास, कचरा बाहेर. कालावधी सलग बारा महिने. फक्त उन्हाळ्यातलं एक बिल घेऊन त्याला बाराने गुणलं, तर पंखे-कूलरचा वापर वर्षभर धरल्यासारखं होतं आणि आकडा फुगतो. बारा महिन्यांत एखादं बिल रीडिंग न घेता सरासरीने आलेलं असेल, तर पहिल्या आणि शेवटच्या प्रत्यक्ष रीडिंगमधला फरक घ्या.

वीज: सगळ्यात मोठा आकडा, सगळ्यात जास्त चुका

एमिशन फॅक्टर म्हणजे एका युनिटमागे किती किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तो आकडा. भारतातल्या विजेसाठी तो केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या, म्हणजे सीईएच्या, कार्बन डायऑक्साइड बेसलाइन डेटाबेसमध्ये मिळतो. २०२३-२४ साठी देशाची भारित सरासरी युनिटमागे ०.७२७ किलो आहे. त्याच डेटाबेसमध्ये 'ऑपरेटिंग मार्जिन', 'बिल्ड मार्जिन' असेही आकडे दिसतात. ते कार्बन क्रेडिटच्या प्रकल्पांसाठी असतात. घरगुती वापराला भारित सरासरीच घ्यायची.

बऱ्याच कॅल्क्युलेटरमध्ये अजूनही ०.८२ हा आकडा दिसतो. तो सीईएच्या जुन्या आवृत्त्यांमधला आहे. महाराष्ट्राचा वेगळा फॅक्टर शोधत बसायची गरज नाही. २०१३ च्या अखेरीस दक्षिणेचं ग्रीड जोडलं गेल्यापासून देशाचं ग्रीड एकच आहे, त्यामुळे पुणे असो वा पणजी, फॅक्टर तोच.

आता दुसरा मुद्दा. ०.७२७ हा आकडा वीज केंद्रातून बाहेर पडणाऱ्या युनिटचा आहे, घरच्या मीटरवरच्या युनिटचा नाही. वाटेत तारांमध्ये, ट्रान्सफॉर्मरमध्ये काही वीज जाते. ही गळती १५ टक्के धरली, तर घरात १,४४० युनिट पोहोचायला १,४४० ÷ ०.८५ = १,६९४ युनिट तयार व्हावे लागतात.

१,६९४ × ०.७२७ = १,२३२ किलो

गळती न धरता हेच उत्तर १,०४७ किलो येतं. दोन्ही पद्धती चालतात, पण कोणती घेतली ते लिहावं लागतं.

सिलिंडर: किलो की लिटर?

आयपीसीसीच्या २००६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार एक किलो एलपीजी जळल्यावर साधारण २.९८ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. या घरात वर्षाला ८ सिलिंडर लागतात, प्रत्येकात १४.२ किलो गॅस.

८ × १४.२ × २.९८ = ३३९ किलो

नेहमीची चूक अशी, की परदेशी तक्त्यातला 'प्रति लिटर' फॅक्टर, साधारण १.५६, उचलून किलोला लावला जातो आणि उत्तर थेट निम्म्यावर येतं. ही चूक ओळखायची सोपी खूण आहे. एलपीजीत वजनाने सुमारे ८२ टक्के कार्बन असतो. जळताना १२ ग्रॅम कार्बन ऑक्सिजन घेऊन ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड बनतो. म्हणून एक किलो गॅसचे जवळपास तीन किलो व्हायलाच हवेत. उत्तर दीडपट आलं, तर एकक चुकलं आहे.

पेट्रोल: इथेनॉलचं काय?

ओडोमीटरनुसार दुचाकी वर्षाला ६,००० किलोमीटर चालली. मायलेज कंपनीच्या जाहिरातीतलं घेऊ नका. टाकी फुल्ल करा, रीडिंग लिहा आणि पुढच्या वेळी पुन्हा फुल्ल करून किती लिटर लागलं ते पाहा. इथे ते ४५ किलोमीटर आलं, म्हणजे वर्षाला १३३ लिटर.

शुद्ध पेट्रोलचा फॅक्टर लिटरला सुमारे २.२७ किलो आहे. पण पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल पिकांपासून बनतं, म्हणून त्यातला कार्बन डायऑक्साइड एकूण बेरजेत न धरता वेगळा नोंदवण्याची पद्धत आहे. उरलेल्या ८० टक्क्यांचा हिशेब असा:

१३३ × ०.८ × २.२७ = २४२ किलो

बेरीज आणि तिचा पट्टा

१,२३२ + ३३९ + २४२ = १,८१३ किलो. अहवालात '१.८ टन' लिहा. १५ टक्के गळतीसारखा अंदाज आत असताना शेवटच्या किलोपर्यंत अचूकता दाखवण्यात अर्थ नाही. माणशी हे सुमारे ४५० किलो होतात.

आता एकेक गृहीतक बदलून बघा. वीजगळती काढली, तर एकूण १.६ टन. गळती ठेवून फॅक्टर ०.८२ घेतला, तर जवळपास २ टन. मायलेज ४५ ऐवजी ३५ धरलं, तर फक्त ७० किलोंच्या आसपास वाढ. म्हणजे या घरापुरतं बोलायचं, तर मायलेजपेक्षा विजेच्या फॅक्टरवर जास्त मेहनत घेणं शहाणपणाचं.

गृहीतक कसं लिहायचं?

'काही आकडे अंदाजे घेतले आहेत' हे वाक्य परीक्षकाला काहीच सांगत नाही. प्रत्येक गृहीतकात तीन गोष्टी हव्यात: आकडा, तो का घेतला आणि बदलला तर उत्तर किती हलतं. उदाहरणार्थ: 'वीजवहनातील गळती १५ टक्के धरली आहे, कारण सीईएचा फॅक्टर उत्पादनाच्या टोकाचा आहे. गळती न धरल्यास एकूण उत्सर्जन सुमारे १८५ किलोंनी कमी होते.'

तसंच, बिलं अलीकडची आणि फॅक्टर २०२३-२४ चा, असं असेल तर तेही नोंदवा. डेटाबेसची नवी आवृत्ती आली असेल, तर बिलांच्या सर्वांत जवळच्या वर्षाचा आकडा घ्या.

दोन ठिकाणी सांभाळा

वरचे सगळे फॅक्टर फक्त कार्बन डायऑक्साइडचे आहेत. मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड मोजले नसतील, तर उत्तरापुढे CO2e लिहू नका.

दुसरं, आपल्या ४५० किलोंची तुलना देशाच्या दरडोई उत्सर्जनाशी करून 'आमचं घर सरासरीपेक्षा खूप चांगलं' असा निष्कर्ष काढू नका. देशाच्या आकड्यात सिमेंट, पोलाद, मालवाहतूक सगळं येतं, आपल्या आकड्यात फक्त तीन गोष्टी आहेत. तुलना करायचीच तर शेजारच्या घराशी करा, तीही हीच सीमा आणि हेच फॅक्टर वापरून.