पट्ट्याला पडलेलं नवं भोक

खिळा तापवून कमरेच्या पट्ट्याला नवं भोक पाडलं, तेव्हा बायकोला पहिल्यांदा शंका आली. सांगलीजवळच्या एका किराणा दुकानदाराचं हे उदाहरण समजा. वय ५२. गणपतीत वजन ७० किलो होतं. दिवाळी झाल्यावर दुकानातल्या पोती तोलायच्या काट्यावर उभे राहिले, तर ६४. ना पथ्य, ना व्यायाम. शेजारी म्हणाले, "बरं झालं, पोट गेलं."

डॉक्टर आधी खात्री करतात की वजन खरोखरच उतरलंय का. जुन्या केसपेपरवरचा आकडा, सैल झालेले कपडे, अंगठी हे सगळं उपयोगी पडतं. सहा महिने ते वर्षभरात पाच टक्क्यांहून जास्त वजन आपसूक घटलं, तर कारण शोधायचं, असा साधारण दंडक आहे. ७० किलोच्या माणसाला तो साडेतीन किलोवरच लागू होतो. इथे दोनच महिन्यांत सहा किलो गेले होते.

मग एक साधा प्रश्न येतो, "जेवण कसं जातंय?" पुढच्या तपासाची दिशा बरीचशी इथेच ठरते. भूक चांगली, किंबहुना वाढलेली, आणि तरी वजन उतरतंय, तर मधुमेह, थायरॉइडचं वाढलेलं काम किंवा आतड्यात अन्न नीट शोषलं न जाणं, यांच्याकडे आधी लक्ष जातं. भूकच मेली असेल, तर क्षयरोग, कर्करोग, यकृत-मूत्रपिंडाचे विकार आणि नैराश्य यांचा विचार होतो. नैराश्य मुद्दाम लिहितोय, कारण घरचे ते सांगत नाहीत आणि आपण विचारत नाही. म्हातारपणी तर न बसणारी कवळी किंवा नव्यानं सुरू झालेली एखादी गोळीही पुरते, म्हणून चालू औषधं पिशवीत घालून न्यावीत.

दुकानदारांचं उत्तर मात्र सरळ नव्हतं. तहान खूप लागायची, रात्री तीनचारदा लघवीला उठावं लागायचं. पण अलीकडे ताटात अन्न उरायला लागलं होतं.

पहिल्या फेरीच्या तपासण्या साध्या असतात आणि बहुतेक तालुक्याच्या गावी होतात. रक्ताचा सीबीसी, ईएसआर, साखर, थायरॉइडसाठी टीएसएच, यकृत आणि मूत्रपिंडाच्या चाचण्या, एचआयव्ही, लघवी, शौच आणि छातीचा एक्स-रे. बहुतेकदा पोटाची सोनोग्राफीही सांगतात. कर्करोगाच्या भीतीनं स्वतःहून ट्यूमर मार्कर करून घेऊ नयेत. ते कर्करोग नसतानाही वाढू शकतात आणि असतानाही नॉर्मल येऊ शकतात.

दुकानदारांची उपाशीपोटीची साखर २४८ निघाली. १२६ पासून पुढे मधुमेह धरतात. शरीराला वापरता न आलेली साखर लघवीवाटे जात होती. दिवसाला शंभर ग्रॅम गेली, तर चारशे कॅलरी, म्हणजे तीनचार भाकरींचं बळ वाहून जातं. घरच्यांना हायसं वाटलं. कारण सापडलं होतं.

इथेच चूक होते. साखरेनं तहान आणि लघवीचा उलगडा होत होता, उरलेल्या ताटाचा होत नव्हता. डॉक्टरांनी पुन्हा खोदून विचारलं, तेव्हा तीन आठवड्यांचा खोकला आणि संध्याकाळची कणकण बाहेर आली. "हवा बदलली की होतंच," असं म्हणून त्यांनी ते सांगितलंच नव्हतं. एक्स-रेत उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात डाग दिसला. बेडक्याच्या सीबीनॅट तपासणीत क्षयाचे जंतू सापडले. मधुमेह असलेल्याला क्षय होण्याचा धोका दुपटी-तिपटीनं जास्त असतो, म्हणून आपल्याकडे एक सापडला की दुसरा शोधतात. क्षय नसता आणि पन्नाशीनंतर नव्यानं आलेला मधुमेह वजनही असंच उतरवत राहिला असता, तर स्वादुपिंडाचा सीटी स्कॅन करायचा का, हा प्रश्न पुढे आला असता.

सगळेच रिपोर्ट नॉर्मल आले तर? असं पुष्कळदा होतं. तेव्हा महिन्यामहिन्याला त्याच काट्यावर वजन करून लिहून ठेवायचं आणि तीन ते सहा महिन्यांत पुन्हा दाखवायचं. मधल्या काळात गिळताना घास अडकला, शौचातून रक्त गेलं, शौच काळं झालं, गाठ लागली किंवा वजन आणखी घसरलं, तर लगेच जायचं. अशा वेळी एंडोस्कोपी किंवा सीटी स्कॅनसारख्या पुढच्या तपासण्या लक्षणांप्रमाणे ठरतात.

दुकानदारांचे सहा महिन्यांचे क्षयाचे उपचार सरकारी दवाखान्यातून मोफत सुरू झाले, जोडीला साखरेची औषधं. दुसऱ्या दिवशी आरोग्यसेविका घरी आली आणि बायकोला, दोन्ही मुलांना आणि म्हाताऱ्या आईला विचारू लागली: खोकला आहे का, ताप येतो का, आणि अलीकडे कुणाचं वजन उतरलंय का?