हाताची ठेवण सांगते, नस कुठे तुटली

मोटरसायकलवरून पडलेला एक तरुण. त्याचा उजवा हात अंगालगत लोंबतो आहे, दंड आतल्या बाजूला वळला आहे, कोपर सरळ आहे आणि तळहात मागे वळलेला आहे. नसांच्या कोणत्या मुळांना इजा झाली? वैद्यकीय अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षात शरीररचनाशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींना हा प्रश्न कधी ना कधी भेटतोच. बहुतेक जण त्याचं उत्तर पाठ करून ठेवतात : असा हात म्हणजे ‘वेटर्स टिप’ आणि वेटर्स टिप म्हणजे सी५-सी६. प्रश्नातला एखादा तपशील बदलला की हे पाठांतर कोलमडतं. उत्तर पाठ न करता काढता येतं. ती रीत समजली की अशा रुग्णाच्या घरच्या माणसालाही डॉक्टर काय तपासत आहेत ते उमजतं.

आधी रचना पाहू. मानेत मणके सात असले तरी तिथून निघणाऱ्या नसांच्या जोड्या आठ आहेत. त्यांतली पाचवी ते आठवी मूळं (सी५ ते सी८) आणि छातीच्या भागातलं पहिलं मूळ (टी१), अशी पाच मूळं मानेच्या बाजूला एकत्र येतात, एकमेकांत मिसळतात, पुन्हा विभागतात आणि काखेतून हातात उतरतात. या जाळ्याला ब्रॅकिअल प्लेक्सस म्हणतात. वरची दोन मूळं मिळून वरचं खोड होतं, सी७ एकटं मधलं खोड होतं, खालची दोन मिळून खालचं खोड. पुढे याच तंतूंची नव्याने वाटणी होऊन हातातल्या नावाच्या नसा तयार होतात. त्यामुळे एका मुळातले तंतू अनेक नसांत जातात आणि एका नसेत अनेक मुळांचे तंतू असतात. कामाची वाटणी मात्र ढोबळमानाने वरून खाली अशी आहे. सी५ खांदा उचलतं, सी६ कोपर वाकवतं, सी७ कोपर सरळ करतं, सी८ बोटं मिटवतं आणि टी१ पंजातले बारीक स्नायू चालवतं.

आता मुख्य गोष्ट. लुळा पडलेला स्नायू हाताला कोणताच आकार देत नाही. आकार देतो तो शाबूत राहिलेला विरुद्ध बाजूचा स्नायू. रस्सीखेचीत एका बाजूच्या गड्यांनी दोर सोडला की दुसरी बाजू तो ओढून नेते, तसंच इथे होतं. म्हणून प्रत्येक सांध्यापाशी दोन गोष्टी विचारायच्या : इथे कोण ओढतं आहे आणि कोण ओढायचं थांबलं आहे?

वरच्या तरुणाचा हात या पद्धतीने पाहू. हात बाजूला उचलता येत नाही, म्हणजे डेल्टॉइड आणि सुप्रास्पायनेटस हे स्नायू गेले. डेल्टॉइडला ॲक्झिलरी नस जाते, सुप्रास्पायनेटसला सुप्रास्कॅप्युलर. दंड आत वळला आहे, म्हणजे तो बाहेर वळवणारे इन्फ्रास्पायनेटस आणि टेरेस मायनर थांबले, आणि छातीचा व पाठीचा मोठा स्नायू दंडाला आत ओढत राहिला. कोपर वाकत नाही, म्हणजे बायसेप्स आणि ब्रॅकिअॅलिस गेले. त्यांना मस्क्युलोक्यूटेनिअस नस जाते. दंडामागचा ट्रायसेप्स मुख्यतः सी७वर चालतो, म्हणून तो शाबूत राहून कोपर सरळ ठेवतो. तळहात उताणा होत नाही, कारण ते काम बायसेप्स आणि सुपिनेटर करतात. सुपिनेटरला रेडिअल नसेची फांदी जाते. तळहात पालथा करणारे स्नायू मात्र अजून जोरात आहेत.

आता गेलेल्या स्नायूंच्या नसा मोजा. ॲक्झिलरी, सुप्रास्कॅप्युलर, मस्क्युलोक्यूटेनिअस आणि रेडिअलचा एक भाग. एका धडकेत चार वेगवेगळ्या ठिकाणी चार नसा नेमक्या तुटल्या असं मानणं अवघड आहे. पण मागे मागे जात राहिलं की या चारही वाटा एकाच ठिकाणी मिळतात : सी५ आणि सी६ जिथे एकत्र येऊन वरचं खोड होतं तिथे. पडताना खांदा जमिनीवर आदळला आणि मान दुसऱ्या बाजूला फेकली गेली, की त्या दोहोंमधलं अंतर एकदम वाढतं आणि सगळ्यात आधी ताण बसतो तो याच वरच्या मुळांवर. प्रसूतीच्या वेळी बाळाचा खांदा अडकून डोकं एका बाजूला ओढलं गेलं तरी तोच ताण बसतो.

हीच जागा जर्मन डॉक्टर विल्हेल्म एर्ब यांनी १८७४ साली दाखवली. मानेच्या बाजूला, गळपट्टीच्या हाडाच्या वर एका ठरावीक जागी विजेचा सौम्य झटका दिला की डेल्टॉइड, बायसेप्स आणि त्यांचे हे सोबती एकदम आकुंचन पावतात, असं त्यांना आढळलं. जे स्नायू एकदम लुळे पडतात तेच एका ठिकाणाहून एकदम जागेही होतात, म्हणजे त्यांची वाट तिथून जाते. फ्रान्समध्ये ड्यूशेन यांनी १८७२मध्ये नवजात बाळांतल्या अशाच लुळेपणाचं वर्णन केलं होतं. म्हणून या इजेला एर्ब-ड्यूशेन असं जोडनाव आहे.

परीक्षक चकवतो तो इथे. खांदा निखळलेला रुग्ण हात बाजूला उचलू शकत नाही आणि दंडाच्या वरच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा आहे, एवढंच सांगून तो पर्याय देतो : सी५ मूळ की ॲक्झिलरी नस? उत्तर बाकीच्या स्नायूंत आहे. कोपर नेहमीच्या जोराने वाकत असेल आणि दंड बाहेर वळत असेल, तर सी५वर चालणारे पण दुसऱ्या नसांचे स्नायू ठीक आहेत. मग मूळ शाबूत आहे आणि एकटी ॲक्झिलरी नस दुखावली आहे. गेलेले स्नायू एकाच नसेचे असतील तर नस, अनेक नसांचे पण एकाच मुळाचे असतील तर मूळ.

आता जाळ्याच्या खालच्या टोकाकडे जाऊ. झाडावरून पडताना एखाद्याने हात वर करून फांदी पकडली तर शरीराचा सगळा भार हात वर ओढतो आणि ताण सी८-टी१वर येतो. पंजातले बारीक स्नायू बोटांचे बुडाचे सांधे वाकवतात आणि पुढचे दोन सांधे सरळ ठेवतात. ते गेले की बुडाचे सांधे मागे ताणले जातात, कारण बोटं सरळ करणारे लांब स्नायू सी७च्या बळावर शाबूत असतात. पुढचे सांधे आत दुमडतात, कारण बोटं मिटवणाऱ्या लांब स्नायूंत काही जोर उरलेला असतो. यालाच पंजा, क्लॉ हँड, म्हणतात. सी८ पूर्ण गेलं तर मिटवणारे स्नायूही दुबळे होतात आणि पंजाचा बाक कमी दिसतो. म्हणजे बाक कमी असला तरी इजा मोठी असू शकते.

अल्नर नसेची इजा झाली तरी पंजा दिसतो. फरक तीन ठिकाणी शोधायचा. अल्नर नसेचा पंजा प्रामुख्याने करंगळी आणि अनामिकेत असतो, मुळांचा चारही बोटांत. दुसरं म्हणजे अंगठ्याच्या बुडाचा मांसल उंचवटा. त्याचे बहुतेक स्नायू मीडिअन नसेवर चालतात, पण तिच्यातले ते तंतू टी१मधूनच येतात. तो उंचवटाही आटला असेल तर दोष एकट्या अल्नर नसेचा नाही. तिसरं म्हणजे बधिरपणा. अल्नर नसेत तो मनगटाच्या पलीकडे, करंगळीच्या बाजूला राहतो. खालच्या मुळांच्या इजेत तो कोपरापुढे हाताच्या आतल्या कडेवरही असतो, कारण त्या कातडीची नस वेगळी असली तरी मूळ तेच आहे.

चौथा पुरावा हातात नसून चेहऱ्यावर असतो. ज्या बाजूचा हात, त्याच बाजूची पापणी किंचित उतरलेली, बाहुली लहान आणि घाम कमी. डोळ्याकडे जाणारे सिम्पथेटिक तंतू टी१ मुळाशी मणक्याच्या अगदी जवळून बाहेर पडतात. मूळ तिथेच उपटलं गेलं तर तेही तुटतात. पॅरिसमध्ये वैद्यकी शिकणाऱ्या ऑगस्टा क्लुम्पके यांनी १८८५ साली खालच्या मुळांच्या इजेचं वर्णन करताना हात आणि डोळा यांचा हा संबंध उलगडून दाखवला. तो लुळेपणा आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

मूळ मणक्यापासून उपटलं गेलं आहे की पुढे कुठे ताणलं वा तुटलं आहे, हे प्रश्नपत्रिकेत एका ओळीत संपतं. रुग्णासाठी सगळं त्यावरच अवलंबून असतं. मज्जारज्जूपासून उपटलेलं मूळ पुन्हा जोडून हात चालेल असं करता येत नाही, तर पुढे तुटलेल्या नसेत दुसऱ्या नसेचा तुकडा बसवता येतो. इथेही शाबूत स्नायूंकडेच पाहायचं. खोड तयार होण्याआधीच मुळांवरून दोन नसा फुटतात : एक ऱ्हॉम्बॉइड स्नायूंना, दुसरी सेरेटस अँटिरिअरला. ते स्नायू चालत असतील तर तुटलेली जागा त्यांच्या पुढे आहे. हाताने भिंत ढकलताना खांद्याचं पातं पाठीवर पंखासारखं उचललं गेलं, तर इजा मुळापाशी असण्याची शक्यता मोठी. लुळ्या, बधिर हातात सतत जळजळीत वेदना आणि उतरलेली पापणी याही उपटलेल्या मुळाकडेच बोट दाखवतात.

खरे रुग्ण पुस्तकातल्यासारखे स्वच्छ नसतात. वरच्या इजेत पुष्कळदा सी७ही सापडतं, मग मनगटही लोंबतं. जोराच्या अपघातात पाचही मूळं जातात आणि पूर्ण हात निर्जीव लोंबतो. काहींच्या जाळ्यात सी४चा किंवा टी२चा वाटा नेहमीपेक्षा मोठा असतो, तेव्हा सगळा हिशेब एका पायरीने सरकतो. म्हणून तपासणीला सुमारे तीन आठवड्यांनंतर केलेल्या ईएमजीची आणि मानेच्या एमआरआयची जोड लागते.

पुढे वेळेशी शर्यत असते. नस साधारण दिवसाला एक मिलिमीटर वाढते आणि नसेविना राहिलेला स्नायू वर्ष-दीड वर्षात तिला दाद देण्याची क्षमता गमावतो. मानेपासून पंजा इतका दूर आहे की मोठ्या माणसात नस तिथे वेळेत पोचणं जवळपास अशक्य. म्हणून मोठ्यांत तीन ते सहा महिन्यांत शस्त्रक्रियेचा निर्णय घ्यायचा असतो. बाळं बहुतेक आपोआप सुधारतात, पण तीन महिन्यांचं होईपर्यंत बाळ कोपर वाकवत नसेल तर अशा शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला दाखवायलाच हवं.

सी५-सी६ उपटली गेलेल्या रुग्णाचं कोपर आज पुन्हा वाकवता येतं, तेही याच तर्काने. फ्रेंच सर्जन ओबर्लिन यांनी १९९४मध्ये मांडलेल्या पद्धतीत दंडात अल्नर नसेतला तंतूंचा एक छोटा जुडगा वेगळा काढून बायसेप्सच्या नसेला जोडतात. अंतर थोडं असल्याने नस स्नायूपर्यंत वेळेत पोचते आणि पंजाची ताकद सहसा फारशी घटत नाही. पण अल्नर नस सी८-टी१वर चालते, तेव्हा ती दोन मूळं शाबूत असतील तरच हा मार्ग खुला असतो. विद्यार्थ्याने उत्तर काढताना ‘काय उरलं आहे’ याची जी यादी केली, तीच यादी हातात घेऊन सर्जन कुठली नस उसनी घेता येईल हे ठरवतो.