पन्हळी पत्र्यावरचं ऊन

मालवाहू कंटेनरचं घर करायचं ठरलं की मालकाच्या हातात सगळ्यात आधी येतं ते त्याचं थ्रीडी चित्र. कंटेनर अजून उरणजवळच्या एखाद्या यार्डात उभा असतो, जागेवर नुसतं गवत असतं, आणि तरीही काच किती रुंद घ्यायची, रंग कोणता, झाड ठेवायचं की काढायचं, हे सगळं त्या चित्राकडे बघून ठरतं. विटांच्या घराचं चित्र थोडं चुकलं तरी डोळा सांभाळून घेतो. कंटेनरचं चित्र तसं निभावत नाही, कारण ही पेटी सगळ्यांनी महामार्गावर ट्रेलरच्या पाठीवर पाहिलेली असते. नेमकं काय चुकलंय ते सांगता आलं नाही, तरी बघणाऱ्याला काहीतरी खोटं आहे हे जाणवतं.

उदाहरणासाठी रत्नागिरीजवळचा एक सडा घेऊ. घर चाळीस फुटी ‘हाय क्यूब’ कंटेनरचं: 12.19 मीटर लांब, 2.44 मीटर रुंद आणि 2.9 मीटर उंच. लांब भिंत दक्षिणेकडे, आणि तिच्यात पाच मीटरभर रुंदीची काच.

चित्राची सुरुवात पत्र्याच्या एका पन्हळीपासून करावी. कंटेनरच्या लांब भिंतीचा पत्रा साधारण 1.6 मिलिमीटर जाडीचा असतो आणि त्याला उभ्या पन्हळी असतात. नेहमीच्या मापात बाहेरची सपाट पट्टी 72 मिलिमीटर, मग आत जाणारा उतार 68, आतली सपाट पट्टी 70, आणि पुन्हा बाहेर येणारा उतार 68. म्हणजे एक पन्हळ 278 मिलिमीटरची आणि तिची खोली 36. कारखान्यानुसार थोडा फरक पडतो, पण फार नाही. ही चार रेघांची आकृती एकदा काढली की ती उंचीभर ताणायची आणि लांबीभर पुन्हापुन्हा मांडायची. दोन टोकांच्या खांबांमध्ये अशा चाळीसेक पन्हळी बसतात. आखूड भिंतीच्या पन्हळी वेगळ्या, अधिक खोल आणि खड्या उताराच्या. छपराच्या आडव्या आणि उथळ. तिन्हीकडे एकच नमुना डकवला की पेटी खेळण्यातली वाटू लागते.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे तयार फोटोतला पन्हळी पत्रा भिंतीवर चिकटवणं. तो बहुधा छपराचा, गोल लाटांचा आणि बारीक पत्रा असतो, आणि घर शेडसारखं दिसतं. पारख सोपी आहे. चित्रात तीन फुटी दार असेल तर त्याच्या रुंदीत तीनपेक्षा किंचित जास्त पन्हळी मोजता आल्या पाहिजेत. आठ-दहा दिसल्या तर पत्रा छपराचा आहे. एक-दीडच दिसली तर माप फुगलेलं आहे, आणि मग तेवढंसं घर बंगल्याएवढं भासतं.

पण खरी मजा उन्हाची आहे. रेंडर करणारे अनेकजण पन्हळ आकारात न घडवता ‘बंप मॅप’ने भागवतात. यात भिंत सपाटच राहते, फक्त उजेडाची छटा अशी बदलते की ती उंचसखल भासावी. लांबून घेतलेल्या चित्रात हे चालून जातं. मात्र बंप मॅप सावली टाकत नाही, आणि कंटेनरची भिंत डोळ्यांना पटते ती सावलीमुळेच.

याचं गणित छोटं आहे. 68 मिलिमीटर जाताना पत्रा 36 मिलिमीटर आत जातो, म्हणजे उताराचा कोन साधारण 28 अंशांचा. वरून नकाशात पाहिलं तर सूर्याची दिशा भिंतीशी 28 अंशांपेक्षा लहान कोन करत असेल, तेव्हाच प्रत्येक पन्हळीचा पलीकडचा उतार सावलीत जातो. कोन त्याहून मोठा झाला की चारही पट्ट्यांवर ऊन पडतं आणि भिंत हळूहळू सपाट दिसू लागते.

आता आपल्या घरासाठी 23 सप्टेंबरची सकाळ घेऊ. त्या दिवशी सूर्य थेट पूर्वेला उगवतो, म्हणजे दक्षिणेकडच्या भिंतीला घासून. रत्नागिरीच्या अक्षांशावर सूर्याचे नऊ वाजतात तेव्हा आपल्या घड्याळात साडेनऊ झालेले असतात, कारण भारतीय प्रमाणवेळ बरीच पूर्वेकडच्या रेखांशावर ठरलेली आहे. त्या क्षणी सूर्य 42 अंश वर आलेला असतो आणि भिंतीशी त्याचा आडवा कोन 16 अंशांचा असतो. बाहेरच्या पट्टीच्या कडेपासून 123 मिलिमीटर लांब सावली पडते. तीत पलीकडचा उतार पूर्ण बुडतो आणि आतल्या 70 मिलिमीटरच्या पट्टीपैकी 55 मिलिमीटर झाकली जाते. याउलट सूर्याकडे तोंड केलेल्या उताराला बाहेरच्या सपाट पट्टीच्या अडीच पट ऊन मिळतं. एका पन्हळीत अशा तीन छटा येतात: लखलखीत, मध्यम आणि काळसर. एका तासाने, साडेदहाच्या सुमारास, सावली जेमतेम उतारापुरती उरते. तोच घास डिसेंबरमध्ये सकाळी नऊलाही मिळत नाही, कारण सूर्य तोवर दक्षिणेकडे सरकून भिंतीसमोर आलेला असतो. ब्लेंडरसारख्या प्रोग्रॅममध्ये सूर्य हाताने फिरवून ‘छान दिसेल’ तिथे ठेवता येतो. मला ते पटत नाही. ठिकाण, तारीख आणि वेळ भरून सूर्य त्याच्या जागी बसवावा, आणि आवडीचा उजेड हवा असेल तर तारीख बदलावी.

पन्हळ खरी घडवली आहे का, हे बघायची आणखी एक खूण आहे. चौकटीबाहेर पूर्वेला काजूचं झाड ठेवून त्याच्या फांदीची सावली भिंतीवर पडू द्या. खऱ्या पन्हळीवर ती सावली प्रत्येक घडीला मोडत, नागमोडी जाते. बंप मॅपवर ती सरळच राहते.

मोठी काच बसवताना चित्रकाराला फॅब्रिकेटरसारखा विचार करावा लागतो. कंटेनरचा भार चार कोपऱ्यांच्या खांबांतून आणि त्यांच्या टोकांना असलेल्या ओतीव कॉर्नर कास्टिंगमधून उतरतो. पण लांब भिंतीचा पत्राही काम करतो. तो वरच्या आणि खालच्या कडांना धरून ठेवतो, पेटीला वाकू देत नाही. पत्रा पाच मीटर कापला की वरची कड, म्हणजे जेमतेम 60 मिलिमीटरचा चौकोनी पाइप, छपराच्या वजनाने मध्ये झोळ खाऊ शकते. म्हणून खऱ्या घरात मोकळीक कापण्याआधी दोन्ही बाजूंना बॉक्स पाइपचे खांब आणि वर जाड तुळई वेल्ड करतात. तिचं माप इंजिनिअर ठरवतो, पण ती चित्रात दिसलीच पाहिजे. बारा मीटरची अख्खी भिंत काढून टाकलेली, वर सुतासारखी कड आणि खाली नुसती काच, अशी चित्रं खूप फिरतात. मालक त्यांच्या प्रेमात पडतो, आणि मग इंजिनिअरने तुळई दाखवली की त्याला फसवल्यासारखं वाटतं. ती तुळई पहिल्याच चित्रात मनाजोगती काढून दाखवणं हे चित्रकाराचं काम आहे.

चौकटीच्या कडेलाही असाच तपशील हवा. प्रोग्रॅममध्ये भिंतीत भोक पाडलं की काप पन्हळीच्या मध्येच कुठेतरी येतो आणि कडेला 36 मिलिमीटरची दातेरी रेघ उरते. प्रत्यक्षात तिथे सपाट चौकट येते आणि पन्हळीची पोकळी पट्टीने किंवा सीलंटने बुजवतात. ती पट्टी काढायला दहा मिनिटं लागतात, आणि जवळून घेतलेल्या चित्राचा सगळा विश्वास तिच्यावर असतो.

काचेतून आत काय दिसतं? भर दिवसा बाहेरच्या मानाने आतली खोली बरीच अंधारी असते. आत दिवे पेटवून सगळं लख्ख दाखवलं की काच नसल्यासारखीच वाटते. काचेत समोरचं प्रतिबिंब दिसायला हवं, आणि त्यासाठी कॅमेऱ्याच्या पाठीमागेही काहीतरी उभं करावं लागतं: झाडं, गडगा, आकाश. पाठीमागे पोकळी ठेवली तर काच राखाडी प्लॅस्टिकसारखी दिसते. आपल्या ठरवलेल्या वेळी ऊन काचेला फार तिरकं लागतं, त्यामुळे सात फुटी काचेतून आत आलेला उन्हाचा पट्टा जमिनीवर दोन फुटांच्या आसपासच पोहोचतो. तो सोफ्यापर्यंत नेण्याचा मोह टाळावा. खोलीची रुंदीही जपावी लागते. आतून 2.35 मीटर, आणि उष्णतारोधक थर व आतलं पॅनेल धरल्यावर त्याहूनही कमी. फार रुंद लेन्स लावली की हीच खोली दिवाणखान्याएवढी दिसते. बाहेरच्या चित्रासाठी 35 मिलिमीटरची लेन्स, डोळ्याच्या उंचीवर आणि घरापासून पंधरा मीटरवर ठेवली तर चौकटीत साडेपंधरा मीटर मावतात. घर पूर्ण येतं आणि दोन्हीकडे श्वास घ्यायला जागा राहते.

रंगाबद्दल थोडक्यात. पत्रा लोखंडी असला तरी प्रकाश पडतो तो रंगावर. म्हणून मटेरियलमध्ये ‘मेटॅलिक’चा आकडा शून्य ठेवायचा. गंजही धातूसारखा चमकत नाही. फक्त ओरखड्याखाली उघडं पडलेलं पोलाद चमकतं. गंज सगळीकडे शिंपडू नये. पाणी जिथे थांबतं तिथे, म्हणजे खालच्या कडेला, वेल्डच्या रेघांवर आणि कॉर्नर कास्टिंगभोवती तो येतो.

उरते जागा. कोकणातल्या सड्यावर सप्टेंबरमध्ये गवत हिरवं असतं, मधून जांभ्याचा काळपट खडक डोकावतो, आणि जिथे चिरा कापलेला असतो तिथे तो लाल दिसतो. घर काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, जमिनीपासून दीड-एक फूट वर बसतं. त्याखाली अंधार असतो आणि तिथे गवत वाढत नाही. चार महिन्यांच्या पावसात लाल मातीचे शिंतोडे पत्र्याच्या खालच्या भागावर चढलेले असतात. हा फिकट लाल पट्टा काढला की घर त्या जमिनीवर खरोखर उभं आहे असं वाटतं. आणि घर तिथे आलं कसं, याचंही उत्तर चित्रात हवं. चाळीस फुटी ट्रेलर आणि क्रेन जाईल इतका रस्ता लागतो, आणि कोकणातल्या गडग्यांमधल्या पाखाडीतून ते दोन्ही जात नाहीत. चारी बाजूंनी दाट झाडी आणि मध्ये कंटेनर, असं चित्र दाखवायचं असेल तर निदान एका बाजूला कच्चा रस्ता आणि क्रेन उभी राहील एवढं सपाट रान ठेवावं लागेल.

मालकाला मी दुसरं एक चित्र आवर्जून द्यायला सांगेन: मे महिन्यातली दुपार. 8 मेच्या सुमारास रत्नागिरीच्या भागात सूर्य थेट डोक्यावर येतो, आणि त्यानंतर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दक्षिणेकडच्या भिंतीला थेट ऊन मिळत नाही. त्या चित्रात भिंत निस्तेज दिसेल, पन्हळी मुक्या होतील, आणि सगळं ऊन दोन मिलिमीटर जाडीच्या जवळजवळ सपाट छपरावर पडलेलं असेल. त्या छपराच्या वर हातभर अंतर सोडून उतरतं दुसरं छप्पर घ्यायचं का, त्याच्या पागोळ्या काचेपासून किती लांब पडायला हव्यात, हे प्रश्न मालक ते चित्र पाहूनच विचारतो, आणि ते कंटेनर यार्डातून निघायच्या आधी विचारले गेले तर वेल्डरला काम एकदाच करावं लागतं.