गालावरची लाली: मुरूम, रोझेशिया की ल्युपस?

नागपूर-रायपूर महामार्गावरच्या कोहमारा परिसरात जुलै उजाडला की बांध्यांमध्ये रोवणी सुरू होते. बायका सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाकून चिखलात उभ्या असतात. आभाळ भरलेले असले तरी ढगांमधून अतिनील किरण बऱ्याच प्रमाणात खाली येतात. रोवणी संपता संपता कुणाचे गाल लालसर, काळपट दिसू लागले तर घरचे म्हणतात, ‘उन्हाने झालं असेल.’ मग मेडिकलमधून क्रीम येते. बहुतेक वेळा कारण खरोखरच साधे असते. पण गालावर जवळजवळ सारखेच दिसणारे तीन वेगळे आजार असतात. त्यातले दोन त्वचेपुरते राहतात, तिसरा मूत्रपिंडापर्यंत पोहोचू शकतो.

पहिला आजार म्हणजे मुरूम. त्वचेतल्या तेलग्रंथीचे तोंड बंद होते, आत तेल साचते आणि सूज येते. छोटे पांढरे किंवा काळे ठिपके ही मुरुमांची खूण आहे. गालावर, कपाळावर किंवा हनुवटीवर असे ठिपके दिसले, सोबत छातीवर-पाठीवर पुटकुळ्या असल्या, तर बहुधा ते मुरूमच असतात.

दुसरा रोझेशिया. यातही लाल पुटकुळ्या येतात, कधी पूही दिसतो, पण काळे-पांढरे ठिपके नसतात. चेहरा एकदम तापतो, जळजळतो आणि काही वेळाने शांत होतो. चुलीची धग, ऊन, गरम चहा किंवा तिखट जेवण असे काहीतरी त्याला निमित्त होते. पुढे गालावर आणि नाकावर केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात. अनेकांचे डोळेही चुरचुरतात. हा आजार बहुधा तिशीनंतर दिसतो. गोऱ्या लोकांचाच आजार अशी त्याची ख्याती असल्यामुळे सावळ्या चेहऱ्यावर तो हमखास नजरेतून सुटतो.

तिसरा ल्युपस. यात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच पेशींवर उलटते. उन्हाने त्वचेच्या पेशी दुखावतात, त्यांच्या आतला ऐवज बाहेर उघडा पडतो आणि शरीर त्यालाच परके समजून हल्ला करते. म्हणून हे पुरळ उन्हानंतर वाढते. ते दोन्ही गालांवर आणि नाकाच्या दांड्यावर पसरते, तेव्हा पंख उघडलेल्या फुलपाखरासारखे दिसते. त्यात पू नसतो, ठिपकेही नसतात. रोझेशियाची लाली चढते-उतरते. ल्युपसचे पुरळ मात्र कित्येक दिवस, कधी कित्येक आठवडे जागचे हलत नाही.

आरशासमोर पाहण्यासारखी एक जागा आहे. नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे जी घडी उतरते, ती ल्युपसमध्ये सहसा कोरी राहते. घडीच्या सावलीत ऊन कमी पोहोचते, म्हणून असे होत असावे. रोझेशियात किंवा कोंड्यासारख्या खवल्यांच्या त्वचारोगात हीच घडी अनेकदा लाल असते. अर्थात ही खूण शंभर टक्के खरी नाही. सावळ्या त्वचेवर तर ‘लाल’ रंग लाल दिसतच नाही. तो जांभळट किंवा तपकिरी दिसतो आणि वांग समजला जातो. म्हणून केवळ चेहरा पाहून निदान पक्के करता येत नाही, उरलेले शरीरही विचारात घ्यावे लागते.

उदाहरणादाखल कोहमाऱ्याजवळच्या गावातली २४ वर्षांची, ४५ किलो वजनाची एक विवाहिता डोळ्यांसमोर आणा. रोवणीनंतर तिचे गाल काळपट-लाल झाले. मेडिकलमधून आणलेल्या क्रीमने आठ दिवसांत ते उजळले. क्रीम थांबवताच पुरळ परतले, म्हणून तिने ते तीन महिने लावले. आता गालांवर बारीक रक्तवाहिन्या आणि पुटकुळ्याही आहेत. कुणीही पाहिले तर मुरूम किंवा रोझेशियाच म्हणेल.

खरा घोळ इथेच आहे. अशा क्रीममध्ये बरेचदा बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोलसारखे स्टेरॉईड असते. नियमाप्रमाणे ते चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, तरी मिळते. स्टेरॉईड तिन्ही आजारांची लाली काही दिवस दाबते. जास्त दिवस लावले तर कातडी पातळ करते आणि स्वतःच मुरूम आणि रोझेशियासारखे चित्र उभे करते. मूळ पुरळ त्याखाली झाकले जाते.

या तरुणीला डॉक्टरांनी चेहऱ्यापलीकडचे विचारले, तेव्हा वेगळीच हकिकत निघाली. सकाळी उठल्यावर तासभर बोटांची मूठ वळत नव्हती. केस गळत होते. टाळूवर न दुखणारे फोड येऊन गेले होते. अंगात अधूनमधून ताप असायचा. “ताई, लघवीला फेस येतो का? पायावर सूज असते का?” या प्रश्नांना तिचे उत्तर होते, “हो, महिन्याभरापासून.”

गोंदिया जिल्ह्यात आणखी एक चकवा आहे. इथे सिकलसेल बराच आढळतो. त्यामुळे सांधेदुखी, ताप आणि रक्त कमी हे तिन्ही एकत्र दिसले की सगळे सिकलसेलच्या नावावर जमा होते. सिकलसेलची तपासणी जरूर करावी. पण ती पॉझिटिव्ह आली म्हणून गालावरच्या पुरळाचा विचार सोडू नये. सिकलसेलमुळे असे पुरळ येत नाही.

अशा वेळी पहिल्या तपासण्या साध्या असतात: रक्तदाब, रक्तपेशींची मोजणी, क्रिएटिनिन आणि लघवीतील प्रथिने. लघवीची पट्टी सगळ्यांत स्वस्त, पण या आजारात तिचे मोल मोठे आहे. मूत्रपिंडाला सूज येऊ लागली तरी सुरुवातीला काही दुखत नाही आणि क्रिएटिनिनही बरेचदा ठीक असते. प्रथिने मात्र लघवीत उतरू लागलेली असतात. त्यानंतर एएनए ही रक्ततपासणी. ल्युपसच्या जवळजवळ सर्व रुग्णांत ती पॉझिटिव्ह असते, पण अनेक निरोगी माणसांतही ती सौम्य पॉझिटिव्ह येते. म्हणून नुसत्या मुरुमांसाठी ती करू नये. लक्षणे जुळली तरच करावी. लघवीत प्रथिने भरपूर असली, तर मोठ्या रुग्णालयात मूत्रपिंडाचा तुकडा तपासून औषधे ठरवावी लागतात.

ल्युपसच्या उपचारात हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही पायाभूत गोळी. तिची मात्रा वजनाच्या हिशेबाने, किलोमागे दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या आत ठेवतात. ४५ किलोच्या तरुणीला २२५ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा झाली, म्हणजे बहुधा २०० मिलिग्रॅमची एक गोळी. परिणाम दिसायला काही आठवडे ते महिने लागतात. गरोदरपणातही ती सहसा बंद करत नाहीत. डोळ्यांची तपासणी सुरुवातीच्या वर्षात आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी करतात. मूत्रपिंडाला सूज असेल तर याखेरीज जोरदार औषधे लागतात. पोटात घ्यायचे स्टेरॉईड सुरू असेल, तर बरे वाटले म्हणून ते मनाने एकदम थांबवणे धोक्याचे असते.

ल्युपसचे दहापैकी सुमारे नऊ रुग्ण स्त्रिया असतात आणि आजार बहुतेकदा १५ ते ४५ या वयात सुरू होतो. हेच वय मुरुमांचे, वांगाचे आणि गोरेपणाच्या क्रीमचेही. म्हणून गालावरचे पुरळ दोन-तीन आठवड्यांत गेले नाही, त्यात ठिपके नाहीत आणि सोबत सांधे, केस, तोंड किंवा लघवीची एखादी तक्रार आहे, तर क्रीमची नवी ट्यूब घेण्याआधी लघवी तपासून घ्यावी. डॉक्टरांकडे जाताना आधी लावलेल्या ट्यूबचे रिकामे पाकीटही सोबत न्यावे. त्यावर काय लिहिले आहे ते पाहिल्याशिवाय चेहऱ्यावरचे चित्र नीट उलगडत नाही.