पहिल्या वर्षाचा रोखीचा अंदाज : सात जूनचा खड्डा

आपल्या समाजातील अनेक घरांत रोजमेळ लिहिण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्या आहे. परंतु तो बहुधा दुकानाचा रोजमेळ असतो. दुकानात माल उधारीवर येतो आणि गल्ल्यात रोख पडते. सेवा व्यवसायात हा क्रम उलटा होतो. येथे पगार रोखीने द्यावे लागतात आणि बिल मात्र उधारीवर जाते. म्हणून दुकानात वाढलेला तरुण सेवा व्यवसायात उतरतो, तेव्हा नफा असूनही तिसऱ्याच महिन्यात त्याची ओढाताण सुरू होते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. सांगलीतील एक तरुण दोन कंपन्यांच्या कार्यालयांची साफसफाई 1 एप्रिलपासून स्वतःच्या नावाने घेतो. कामगार सहा, प्रत्येकी पगार 14,000 रुपये, म्हणजे महिना 84,000. साहित्य, पेट्रोल व फोन मिळून 10,000. घरखर्चासाठी तो 20,000 उचलतो. दोन्ही बिले मिळून 1,30,000 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी 23,400. कागदावर घरखर्च वजा जाता महिना 16,000 उरतात. आरंभी यंत्रे व साधने यांवर 60,000 लागतात.

आता बारा महिन्यांचे बारा रकाने आखावेत. प्रत्येक रकान्यात आरंभीची शिल्लक, आलेली रोख, गेलेली रोख आणि अखेरची शिल्लक. नियम एकच : रक्कम बिलाच्या महिन्यात लिहायची नाही, ती ज्या दिवशी हाती येईल वा हातून जाईल त्या महिन्यात लिहायची. पुष्कळांचा तक्ता चुकतो तो याच ठिकाणी.

बिल महिनाअखेरीस निघते आणि कंपनी 45 दिवसांनी पैसे देते. म्हणजे 30 एप्रिलच्या बिलाचे पैसे 14 जूनला. एप्रिलमध्ये यंत्रे, साहित्य आणि घरखर्च मिळून 90,000 गेले, आले काहीच नाही. मे महिन्यात 7 तारखेला एप्रिलचे पगार गेले आणि 20 तारखेला जीएसटी. कंपनीने अजून एक रुपयाही दिलेला नाही, तरी कर भरावाच लागतो. साहित्य व घरखर्च धरून मे महिन्यात 1,37,400 गेले. (खरेदीवरील कराची वजावट सोयीसाठी सोडून दिली आहे.) मेअखेर एकूण तूट 2,27,400.

जूनमध्ये पहिले पैसे येतात. कंपनी मूळ रकमेवर 1 टक्का टीडीएस कापते, म्हणून हाती 1,52,100 पडतात. जूनअखेर तूट 2,12,700 वर येते. तक्ता पाहणारा म्हणेल की सव्वादोन लाखांच्या थोडे वर भांडवल पुरेल. येथेच फसगत होते. जूनचे पैसे 14 तारखेला येतात, पगार मात्र 7 तारखेला द्यायचे असतात. त्या दिवशी तूट 3,11,400 असते. महिनाअखेरची शिल्लक हा खड्डा झाकून टाकते. म्हणून निदान पहिल्या चार महिन्यांचे रकाने 7, 14 आणि 20 या तारखांनुसार फोडून लिहावेत. लागणारे भांडवल ठरते ते या सर्वांत खोल आकड्यावरून.

पुढे दरमहा 14,700 रोख साठत जाते आणि मन निर्धास्त होते. अशातच ऑगस्टमध्ये तिसरे कार्यालय मिळते, असे समजू. दोन कामगार वाढले, बिल 43,000. आनंदाची गोष्ट, पण त्याचे पैसे 15 ऑक्टोबरला येणार. त्याआधी दोन महिन्यांचे 56,000 पगार आणि 7,740 जीएसटी जातो. 7 ऑक्टोबरला एकूण तूट 3,16,340, म्हणजे जूनपेक्षाही खोल. जूनच्या तुटीपुरतेच भांडवल आणणारा येथे अडकतो, तेही काम वाढल्यामुळे. नवे काम स्वीकारण्यापूर्वी ते तक्त्यात मांडून पाहावे ते यासाठी.

दर कमी करून हा खड्डा भरत नाही. मुदत कमी करून भरतो. हेच बिल 30 दिवसांत मिळाले, तर पहिली रक्कम 30 मे रोजी येते आणि आरंभीची सर्वांत मोठी तूट 2,27,400 वर थांबते. पंधरा दिवसांत 84,000 वाचले, म्हणजे नेमका एका महिन्याचा पगार. तेव्हा करार करताना दरात थोडी सवलत देऊन मुदत मागणे पुष्कळदा फायद्याचे ठरते. उद्यम नोंदणी आधीच करून ठेवावी. सूक्ष्म व लघु उद्योगांना 45 दिवसांपेक्षा अधिक मुदत करारानेही लादता येत नाही, हा 2006 च्या कायद्याचा आधार त्यामुळे मिळतो. तरीही जुन्या ग्राहकाशी कायद्याची भाषा बोलणे प्रत्येकाला जमतेच असे नाही. म्हणून तक्त्याची दुसरी प्रत करावी आणि तीत मोठ्या ग्राहकाचे एक बिल महिनाभर उशिरा आले असे धरावे. त्या प्रतीतील सर्वांत खोल आकडा हेच खरे भांडवल.

दर महिन्याच्या 1 तारखेला अंदाजाशेजारी प्रत्यक्ष आकडा लिहावा. खर्चाचे आकडे सहसा जवळपास जुळतात. जमेचा आकडा सलग दोन महिने मागे राहिला, तर तिसऱ्या पगाराची सोय त्याच दिवशी पाहायला लागावे.